शब्दचर्चा : ‘परोपजीवी’ म्हटल्यावर ट्रायकोग्रामा नीट कळतो का?

प्रश्न, चोपडा

कपाशीवरील शेंदरी बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक कीटकाचे कार्ड, कसे लावावे, याचे पत्रक मी मराठीत लिहीत आहे. मूळ मजकुरात त्याला ‘पॅरासिटॉइड वास्प’ म्हटले आहे, त्याचे मी ‘परोपजीवी गांधीलमाशी’ केले. गावात वाचून दाखवल्यावर एका बाईंनी विचारले, ‘ही चावणार असेल तर कपाशी वेचायला बाया येतील का?’ दुसऱ्या शेतकऱ्याने विचारले, की गोचिडासारखी परोपजीवी असेल तर ती अळीला जिवंतच ठेवणार ना? दोघांच्या शंका माझ्या शब्दांतूनच निघाल्या आहेत, म्हणून योग्य शब्द कोणता ते सांगावे.

उत्तर, शहादा

‘परोपजीवी’ योग्यच आहे. बांडगूळ आंब्यावर जगते, तसा हा कीटक अळीवर जगतो.

उत्तर, धुळे

मी कृषी विद्यालयात अनेक वर्षे कीटकशास्त्र शिकवले आहे. बांडगुळाचा दाखला अर्धाच लागू पडतो, कारण आंबा मेला तर बांडगूळही मरते आणि गोचिडालाही गाय जिवंतच हवी असते, पण ट्रायकोग्रामाचे पिल्लू आपल्या आधाराला संपवूनच मोठे होते. हाच फरक दाखवण्यासाठी रॉयटर या शास्त्रज्ञाने 1913 मध्ये ‘पॅरासिटॉइड’ हा वेगळा शब्द केला. मराठीत दोघांनाही ‘परोपजीवी’ म्हणण्याची सवय पडली असून तुमच्या शेतकऱ्याची शंका तिथूनच आली आहे.

शिवाय शहाद्याच्या उत्तरात ‘अळीवर’ हा शब्द आला आहे, तो पत्रकात येऊ देऊ नका. ट्रायकोग्रामाची मादी एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतले पिल्लू ते अंडे पोखरून खाते, तीन-चार दिवसांत अंडे काळे पडते आणि साधारण सात ते दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामा बाहेर पडतो. शेंदरी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते आणि मग हा कीटक तिचे काहीच करू शकत नाही. म्हणून ‘अंड्यांवरील’ हा शब्द गाळला, तर शेतकरी किडकी बोंडे दिसल्यावर कार्ड लावेल आणि पैसे वाया जातील.

उत्तर, यावल

आमच्या ओट्यावर कुंभारीण माशी मातीचे घर करून त्यात बेशुद्ध अळ्या भरून ठेवते आणि तिचे पिल्लू त्या खाते. मग तीही याच जातीची म्हणायची का?

उत्तर, धुळे

दोघी कीटकांच्या एकाच मोठ्या गटातल्या आहेत, पण कुंभारीण शिकार करून पिल्लासाठी शिधा साठवते, तर ट्रायकोग्रामाचे पिल्लू एकाच अंड्यात वाढते. म्हणून मी कुंभारणीला शिकारी म्हणेन. ‘गांधीलमाशी’ मात्र काढून टाका, कारण हा कीटक माणसाला दंश करत नाही.

उत्तर, पारोळा

शब्दाचे ते पाहा, पण मला वेगळेच विचारायचे आहे. गेल्या वर्षी मी एकरी तीन कार्डे आणली, घरी आठ दिवस टेबलावर ठेवली आणि मग लावली. काहीच फरक पडला नाही. माझे काय चुकले?

उत्तर, धुळे

हा प्रश्न शब्दाशी जोडलेलाच आहे, कारण लोक ‘कार्ड’ला औषधाची पुडी समजतात. त्यावर तांदळावरील पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी धरतात. त्यांच्या आत जिवंत पिल्ले वाढत असतात, म्हणून टेबलावर ती तुमच्या घरातच बाहेर पडली असावीत. भिंगातून पाहिल्यास काळ्या टरफलाला बारीक गोल भोक दिसते. तसे असेल तर ते कार्ड रिकामे झाले आहे. लावायला उशीर होणार असेल तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. लावताना पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात, उन्हापासून व मुंग्यांपासून जपाव्यात आणि त्या सुमारास कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

उत्तर, चोपडा

आता मी असे लिहिले आहे : ‘ट्रायकोग्रामा हा किडीच्या अंड्यात वाढून ते अंडेच संपवणारा, माणसाला न चावणारा बारीक मित्रकीटक आहे.’ नावाऐवजी वर्णन दिल्याने वाक्य लांबले, पण गावात एकानेही गोचिडाचे नाव काढले नाही. शास्त्रीय मजकुरासाठी ‘घातक परोपजीवी’ चालेल का?

उत्तर, धुळे

‘घातक’ ऐकून पिकाला घातक असा अर्थ लागेल, अशी मला भीती वाटते. ‘अंडी-परोपजीवी’ रूढ आहे, त्यात मारण्याचा भाव नसला तरी जागा नेमकी कळते.

उत्तर, यावल

आणि ज्याच्या अंड्यात तो वाढतो, त्या किडीला ‘यजमान’ म्हणतात, ते मला खटकते. यजमान पाहुण्याला स्वतःहून जेवू घालतो. काही जण ‘पोशिंदा’ लिहितात, पण आमच्याकडे तो मान शेतकऱ्याचा आहे. यावर कुणाला दुसरा शब्द सुचतो का?