मदत हवी आहे: गाडीच्या तोंडी मागणीवरून मंजुरीचा ईमेल कसा लिहावा?

आमच्या पुण्यातील कार्यालयात ‘गुरुवारी नाशिकला जायचंय, गाडी सांगा’ असे निरोप येतात आणि त्यांवरून लेखा विभागासाठी मंजुरीचा ईमेल मला लिहावा लागतो. प्रयोजन आणि तारखा विचारून घेता येतात. अडचण अंदाजित खर्चाची आहे. गेल्या वेळी जाऊन-येऊन ४२० आणि स्थानिक ४० असे ४६० किलोमीटर धरून, १४ रुपये दराने ६,४४० रुपये लिहिले. परंतु गाडीवाल्याची दररोज किमान ३०० किलोमीटरची अट असल्याने दोन दिवसांचे ६०० किलोमीटर, म्हणजे ८,४०० रुपये, शिवाय चालक भत्ता ६०० रुपये आणि टोल असे बिल आले व ते अडकले.

आता मी पुढील मजकूर योजला आहे: ‘ग्राहकाच्या कारखान्यातील यंत्रतपासणीसाठी दि. १२ व १३ रोजी पुणे–नाशिक–पुणे प्रवासास, किमान ६०० किलोमीटरच्या आकारणीनुसार भाडे व चालक भत्ता मिळून ९,००० रुपये, तसेच टोल व पार्किंग पावतीनुसार, अशा खर्चास मंजुरी मिळावी.’

टोलसाठी कमाल रक्कम लिहावी का, आणि मुक्काम वाढल्यास सुधारित मंजुरीचा ईमेल त्याच साखळीत पाठवावा की स्वतंत्र, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.