चिठ्ठी घेरीची, गोळी साखरेची. चूक कोणाची?

डिचोलीकर
बाबा ७६ वर्षांचे, मधुमेह नाही. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी बीटाहिस्टिन १६ लिहून दिली, दिवसातून तीनदा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव, अक्षर गिचमिड. फार्मसीतल्या मुलाने दिलेली पट्टी निघाली ग्लिमेपिराइड २ ची. चार गोळ्या पोटात गेल्या. दुसऱ्या पहाटे बाबा घामाने भिजलेले, काहीबाही बरळत होते. १०८ वाल्यांनी बोट टोचलं तर साखर ३४. गोमेकॉत दोन रात्री काढल्या, आता बरे आहेत. मालक म्हणतो, अक्षर डॉक्टरांचं आणि पट्टी तुम्हीही वाचली नाही. चूक कोणाची धरायची?

मांडवीकाठ
सरळ डॉक्टरांची. औषधाचं नाव सुवाच्य लिहा, शक्यतो मोठ्या अक्षरात, असं २०१६ पासून डॉक्टरांना बंधनच आहे. ते त्यांनी पाळलं नाही. फार्मसीवाल्याला जे दिसलं ते त्याने दिलं. तो काय ज्योतिषी आहे?

काउंटरपलीकडची
मी फोंड्याला २२ वर्षं काउंटरवर आहे, तेव्हा धंद्याची बाजू घेईन असं वाटेल. या वेळी नाही घेत.

मांडवीकाठ, अक्षराबद्दल तुमचं बरोबर. पण नाव वाचता येत नव्हतं तरी चिठ्ठीवर आणखी दोन गोष्टी होत्या. ग्लिमेपिराइड १, २, ३, ४ मध्ये मिळते, १६ ची गोळीच नसते. आणि ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा. तीनदा लिहिलेली मी आजवर पाहिली नाही. मुलाने हातातल्या पट्टीवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा शेजारी शेजारी धरले असते तर तिथेच थांबला असता. मग डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तर “उद्या या” म्हणायचं. घेरीची गोळी एक रात्र चुकल्याने कोणी मरत नाही.

डिचोलीकर, एक विचारते. बिल संगणकावरचं होतं का, आणि त्यावर काय छापलंय?

डिचोलीकर
संगणकावरचंच. त्यावर साखरेच्या गोळीचं नाव आहे. मालक तेच दाखवतो, की बिल आणि पट्टी जुळतात, म्हणजे आमची गफलत नाही.

काउंटरपलीकडची
तिथेच तर गफलत झाली. सॉफ्टवेअरमध्ये पहिली तीन अक्षरं टाकली की यादी खाली उघडते. गर्दीत बोट एक ओळ वर किंवा खाली पडतं. मग बिल निघतं ते चुकीच्या गोळीचं, खणातून पट्टी काढली जाते बिल बघून, आणि शेवटी कोणी तपासलंच तर तेही बिलाशी. सगळं जुळतं! पहिल्या पायरीवरची चूक पुढच्या प्रत्येक पायरीवर बरोबर ठरत जाते. म्हणून शेवटची नजर चिठ्ठीवर जायला हवी, बिलावर नाही, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाची. आमच्याकडे बिल करणारा पट्टी देत नाही. संध्याकाळी सातला लोक कुरकुरतात, पण इलाज नाही.

देताना “ही कशासाठी?” एवढं विचारायचं. तुम्ही “घेरीसाठी” म्हणाला असता आणि मधुमेहाची पट्टी मागे गेली असती.

आजीचीनात
आमच्या आजीलाही असंच. दर महिन्याला रक्तदाबाची गोळी वेगळ्याच कंपनीची देतात, रंगसुद्धा वेगळा. विचारलं तर म्हणतात सारखंच आहे. ही पण फसवणूकच ना?

काउंटरपलीकडची
बाय, तो वेगळा विषय. तुमच्या आजीच्या गोळीत औषध तेच असावं, पट्टीवर बारीक अक्षरातलं नाव बघून खात्री करा. मात्र अशी चिठ्ठीवरची औषधं परस्पर बदलून द्यायची मुभा फार्मसीला नियमाने नाही, तेव्हा तुमची तक्रार अगदीच वावगी नव्हे. इथे औषधच दुसरं गेलंय.

काळाकोट
वकील आहे, म्हापसा. जवळजवळ हाच प्रकार इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात कोर्टात गेला होता. डॉक्टरने लिहिलं अ‍ॅमॉक्सिल, फार्मासिस्टने वाचलं डाओनिल, म्हणजे मधुमेहाचीच गोळी. रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टाने अक्षरासाठी डॉक्टरला २५ टक्के आणि फार्मासिस्टला ७५ टक्के जबाबदार धरलं. कारण वर ताईंनी दिलं तेच: मात्रा आणि गोळ्यांची संख्या डाओनिलला जुळत नव्हती. वर एक गंमत. तिथे मधुमेह्यांना औषधाचे पैसे पडत नाहीत, या माणसाने ते मोजले होते. एवढी खूण समोर असताना शंका यायला हवी होती, असं कोर्ट म्हणालं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद चालतो.

दुकानदार
वाचायला छान वाटतं. माझी पेडण्यात फार्मसी आहे. चिठ्ठीवर आजार लिहिलेला नसतो, डॉक्टर ओपीडीत फोन उचलत नाहीत, उचलला तर “तुला वाचता येत नाही?” म्हणून खेकसतात. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबत नाही, समोरच्या दुकानात जातं. आणि घरच्यांनी चार वेळा पट्टी फोडली, एकदाही नाव बघितलं नाही? थोडी जबाबदारी त्यांची नको?

डिचोलीकर
बघितलं होतं हो. पण आम्हाला काय कळणार? पट्टीवरचं नाव चिठ्ठीवरच्या गिचमिडीसारखंच वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी बाबांना जास्त घेरी यायला लागली, थरथरायला लागले, तेव्हा आई म्हणाली औषध लागू पडायला वेळ लागतो. संध्याकाळची गोळी मीच हाताने दिली.

काउंटरपलीकडची
दुकानदार भाऊ, फोनचं तुमचं खरं आहे, मीही खेकसणं ऐकलंय. पण त्यांच्या घरी कळणार कसं? साखर उतरल्यावरही गरगरतं, घाम येतो, पाय लटपटतात. घेरीच्या माणसाला घेरी आली तर कोण शंका घेईल?

गोमेकॉने दोन रात्री ठेवून घेतलं ते बरं केलं. ही गोळी म्हाताऱ्या शरीरातून लवकर जात नाही, मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर आणखी रेंगाळते. ग्लुकोज लावलं की माणूस उठून बसतो, घरचे म्हणतात नेतो आता, आणि रात्री साखर पुन्हा उतरते.

काळाकोट
डिचोलीकर, चिठ्ठी, बिल आणि उरलेल्या गोळ्यांसकट पट्टी मालकाला परत देऊ नका. बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का बघा, इथे बिल तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. गोमेकॉच्या कागदावर साखरेचा आकडा आणि वेळ असू द्या. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षांची. आणि विचारा, पट्टी दिली तेव्हा नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात होता का?

डिचोलीकर
नव्हता. भिंतीवर फोटोसह सर्टिफिकेट होतं, माणूस चहाला गेला होता. मालकाने आता त्या मुलाला काढून टाकलंय. १९ वर्षांचा, आमच्याच वाड्यावरचा, त्याची आई काल घरी येऊन रडून गेली. त्यामुळे हात आखडतोय.

दुकानदार
मग जाऊ द्या ना. पोराचं नुकसान झालंच आहे.

काउंटरपलीकडची
तक्रारीत मुलाचं नाव घालायची गरज काय? परवाना मालकाचा आहे आणि चहाला गेला तो फार्मासिस्ट. उद्या त्या काउंटरवर दुसरा मुलगा उभा राहील आणि तीच तीन अक्षरं दाबेल.

मांडवीकाठ
मी अजून म्हणतो, डॉक्टरांना २५ टक्के कमी आहेत.

डिचोलीकर
सोमवारी बांबोळीला बाबांची तपासणी आहे. पट्टी कपाटात कुलपात ठेवलीय. आईला अजून पटलेलं नाही.