मदत हवी आहे: बॅटरी ठणठणीत, तरी गाडी अधूनमधून सेल्फ घेत नाही

चाकोरीबाहेर:
पेट्रोल गाडी, बारा वर्षं जुनी. सकाळी एका फटक्यात चालू होते. अर्धा-पाऊण तास चालवून बंद केली आणि लगेच किल्ली फिरवली, की कधीकधी नुसतं ‘टक्’. डॅशचे दिवे मात्र लख्ख. दहा मिनिटांनी काहीच झालं नसल्यासारखी चालू! बॅटरी सहा महिन्यांची आहे, दुकानात लोड टाकून तपासली, उत्तम निघाली. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावला की तिन्ही वेळा ताबडतोब चालू झाली. मग दोष बॅटरीतच नाही का?

गुळाचा गणपती:
सेल्फची सॉलेनॉइड गेली. गरम झाली की चिकटते. पुढच्या वेळी सेल्फवर पान्याने दोन टोले द्या, चालू झाली तर खात्रीच.

मुसाफिर७:
माझ्याकडे सेम! किल्लीतला सेल बदलला आणि सुटलो. डॅशवर किल्लीचं चित्र लुकलुकतं का बघा.

चाकोरीबाहेर:
चित्र लुकलुकत नाही. टोले मारून पाहिले, एकदा चालू झाली, एकदा नाही.

ग्रीसचे हात:
मुसाफिर, किल्ली ओळखली नाही तर बहुतेक गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, काहींत सेल्फला हुकूमच जात नाही. इथे ‘टक्’ येतंय, म्हणजे हुकूम पोचतोय, ताकद पोचत नाहीये.

चाकोरीबाहेर, एक सांगा. जंपरचा काळा चिमटा तुमच्या गाडीत कुठे लावला होता?

चाकोरीबाहेर:
इंजिनावरच्या लोखंडी हुकाला. बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून तिथे लावतात ना?

ग्रीसचे हात:
बरोबरच लावलात, आणि तिथेच फसगत झाली. त्या केबलने दुसरी बॅटरी तर दिलीच, पण इंजिनाला नवा अर्थही दिला. गाडी कशामुळे चालू झाली ते त्यातून कळत नाही.

इंजिन रबरी माउंटवर बसतं. त्यामुळे सेल्फचा करंट परत यायला इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा बॅटरीला जाडी वेणीची अर्थ पट्टी असते. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर खेचतो. त्या वाटेत एक शतांश ओहम जरी वाढला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातो. दिवे थोड्या करंटवर चालतात आणि त्यांचा अर्थ बॉडीला असतो, म्हणून ते लख्खच दिसणार.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या आत असलं तर अर्थ चांगला. नंतर तसंच बॉडीवर मोजा.

गुळाचा गणपती:
इतका खटाटोप कशाला, ओहमवर ठेवून बीप वाजते का बघा ना.

ग्रीसचे हात:
वेणीत एक तार शाबूत असली तरी बीप वाजेल. एका तारेतून सेल्फ फिरणार नाही. मोजायचं ते सेल्फवर भार असतानाच.

चाकोरीबाहेर:
मोजलं. थंड इंजिन, गाडी नीट चालू झाली, तरी ०.९. बॉडीवर ०.०५. मग तासभर फिरवून आणली आणि नशिबाने नाटक केलं: ‘टक्’ होताना इंजिनावर ७ च्या आसपास, आकडा नाचत होता. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.३!

ग्रीसचे हात:
सापडलं. बॅटरी कमजोर असती तर ती दहाच्या खाली बसली असती. इथे ती खेचलीच जात नाहीये. बॉडीचा मार्ग चांगला, म्हणजे दोष इंजिन ते बॉडीच्या पट्टीत. गाडीखाली गिअरबॉक्सजवळ बघा. आधी बॅटरीचा मायनस काढा.

चाकोरीबाहेर:
पट्टी सापडली. वरून धड दिसत होती, बोटाने वाकवली तर बोल्टाजवळच्या तारा हिरव्या भुकटीसारख्या गळून पडल्या. बॉडीकडच्या वॉशरखाली रंग आणि गंज. तेवढ्याच जाडीची नवी पट्टी घातली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, बोल्ट आवळून मग वरून व्हॅसलिन. आता सेल्फ मारताना ०.१४. आठवडा झाला, एकदाही ‘टक्’ नाही.

मुसाफिर७:
मग गरम झाल्यावरच का व्हायचं?

ग्रीसचे हात:
तापून कुजका सांधा सुटत असेल, किंवा इंजिन थांबताना हलून पट्टी वेगळ्या कोनात बसत असेल. जुनी पट्टी पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

आणि अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लच केबल अलीकडे जड वाटतेय का? अर्थ तुटला की करंट त्या तारांमधून वाट काढतो, आतलं प्लास्टिक वितळतं.

चाकोरीबाहेर:
क्लच जड झालाय खरा. मी वयावर ढकलत होतो, गाडीच्या. उद्या केबल काढून बघतो.