मदत हवी आहे: एक्झिट मीटिंगच्या आधीच ऑडिटी म्हणतायत तुमच्या तारखाच चुकीच्या

मेघना_अंधेरी: आमच्या कंपनीच्या भिवंडीच्या गोडाऊनचं इंटर्नल ऑडिट केलंय, शुक्रवारी हेड ऑफिसला एक्झिट मीटिंग आहे. ड्राफ्टमध्ये लिहिलंय की सॅम्पलमधल्या ९ बिलांचं पेमेंट माल यायच्या आधीच झालंय. ड्राफ्ट पाठवला तर स्टोअर्स मॅनेजरचा लगेच फोन, मॅडम माल आधीच आलाय, जीआरएन २८ मार्चची आहे. माझ्या एक्सेलमध्ये तीच जीआरएन ४ एप्रिलची दिसते, पेमेंट ३१ मार्चचं. आमचे सर म्हणतात ठाम राहा. पण जीएमसमोर तारखांवरून जुंपली तर बाकीचे मुद्दे राहूनच जातील ना?

पार्ल्याचा_बंड्या: सर बरोबर बोलतायत. त्यांच्या उत्तरात 'असहमत' लिहून घ्या, पुढच्या मुद्द्यावर जा.

जुना_ऑडिटर: 'असहमत' मतासाठी ठीक आहे हो, रिस्क किती मोठी वगैरे. तारीख ही काय मताची गोष्ट आहे का? सॅपवर असाल तर MB51 मध्ये पोस्टिंग डेट आणि एंट्री डेट दोन्ही कॉलम लावा. पोस्टिंग डेट टाकणारा स्वतः टाकतो, मागची पण चालते, एंट्री डेट सिस्टीम टाकते. मला वाटतं तुम्ही एक बघताय ते दुसरी.

गोडाऊनवाला: आमच्याकडे सीए लोक वर्षअखेरीला स्टॉक मोजायला आले तेव्हा दोन रॅक मोजलेच नाहीत, त्याचं काय करायचं?

जुना_ऑडिटर: भाऊ, वेगळा धागा काढा.

मेघना_अंधेरी: अगदी तेच निघालं! गेट रजिस्टर पण मागवलं, ७ बिलांचा माल २८-२९ मार्चला आत आलाय, २ ची नोंदच नाही.

जुना_ऑडिटर: मग 'माल यायच्या आधी' हे शब्द ७ बिलांसाठी आजच काढा, 'सिस्टीममध्ये जीआरएन व्हायच्या आधी' करा आणि मॅनेजरना मीटिंगच्या आधीच कळवा. त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि मुद्दा तरीही उभाच आहे, कारण जीआरएन नसताना बिल ब्लॉक व्हायला हवं, झालं असेल तर MRBR मधून कोणी सोडलं ते विचारा. ते उत्तर स्टोअर्सकडे नाही, अकाउंट्सवाल्यांना मीटिंगला बोलवा. राहिलेल्या २ साठी स्टोअर्सवाले मीटिंगमध्येच कागद काढतील. लगेच हो-नाही म्हणू नका, कॉपी घ्या, तपासून दोन दिवसांत कळवतो असं मिनिट्समध्ये लिहा. ई-वे बिल दिलं तर ते माल निघाल्याचं सांगतं, पोचल्याचं नाही, त्यासाठी एलआरवर पोच-शिक्का आणि तारीख बघा. तरी पटलं नाही तर दोघांचं म्हणणं रिपोर्टमध्ये जसंच्या तसं.

पार्ल्याचा_बंड्या: मग रेटिंग हायवरून मीडियम करणार का? ९ चे २ झाले की.

जुना_ऑडिटर: मी नाही करणार, ब्लॉक कोण सोडतंय ते कळेपर्यंत तरी.

मेघना_अंधेरी: सर मीडियम म्हणतायत आता 🙄 MRBR चा लॉग मागवलाय, आला की टाकते.