मदत हवी आहे: प्रयोगशाळेत एकच कपाट, आम्लं आणि अमोनिया ठेवायचे कुठे?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेची सुरक्षा पुस्तिका लिहायला घेतली आहे. नियमांचं पान झालं (गॉगल, सुती एप्रन, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही). गाडी अडली ती साठवणुकीवर.

लोखंडी कपाट एकच. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया शेजारी-शेजारी. बाटल्यांच्या गळ्याशी पांढरी भुकटी साचते, मुलं तिला धूळ समजून फडक्यानं पुसतात. ते अमोनियम क्लोराइड आहे, म्हणजे बुचं गळतात आणि दोन्हींच्या वाफा कपाटातच एकत्र येतात. बिजागऱ्या गंजल्या आहेतच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अमोनियाचं बूच उघडताना वाफ फसकन तोंडावर येते.

आम्लं खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवणार आहे. नायट्रिकचा ट्रे वेगळा, स्पिरिट आणि ॲसिटोनपासून लांब. पण दुसरी खोलीच नाही, मग अमोनिया कुठे ठेवू? कोणी भिंतीत हवेशीर फडताळ केलंय का?

दुसरं म्हणजे पाणी. डोळ्यात आम्ल उडालं तर लगेच धुवायला लागायचं आणि किमान १५ मिनिटं थांबायचं नाही. मिनिटाला दीड लिटर धरलं तरी २२-२३ लिटर लागतात. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. उंचावर तोटीची टाकी बसवली तर उन्हाळ्यात पाणी तापतं, त्यावर काय करता?

विद्यार्थी-पालकांच्या सहीचा मराठी नमुना असेल तर तोही टाका. मुलानं डोळे धुण्याची कृती करून दाखवल्यावरच सही घ्यावी, असं माझं मत.