मदत हवी आहे: सागवान आत्ता तोडावे की पाच वर्षे थांबावे?

गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमच्या बागायतीलगत वडिलांनी लावलेले सागवान आता बावीस वर्षांचे झाले आहे. छातीच्या उंचीवर फीत लावून मोजले, तर बहुतेक झाडांचा घेर ८५ ते ९५ सेंटिमीटर भरतो.

व्यापाऱ्याने उभ्या झाडांचे १० लाख रुपये सांगितले आहेत. घेर वाढला की लाकूड वरच्या प्रतीत जाते, त्यामुळे पाच वर्षांनी १५ लाख मिळतील असा माझा अंदाज आहे. बँकेत ८ टक्के व्याज धरले, तर त्या १५ लाखांचे आजचे मूल्य सुमारे १० लाख २१ हजार होते, म्हणजे थांबणे किंचित फायद्याचे दिसते.

परंतु झाडे उभी असेपर्यंत जमीनही अडकून राहते. ती मोकळी झाल्यास वर्षाला २० हजार रुपये खंड मिळेल, ज्याचे पाच वर्षांचे आजचे मूल्य जवळपास ८० हजार होते, आणि मग पारडे आत्ता तोडण्याकडे झुकते. हा खंड हिशेबात धरणे मला योग्य वाटते. माझे काही चुकते आहे का?

दुसरे असे की १५ लाखांचा अंदाज मी आजच्याच दराने केला आहे, तर व्याजातून महागाई वजा करावी का? ज्यांनी तोडणीची परवानगी काढून सागवान विकले आहे, त्यांनी कृपया आपला हिशेब सांगावा.