मदत हवी आहे: तपासयादीत सगळ्या टिका पडतात, तरी एआयची कॅप्शन चुकीची निघते

कानामात्रा

मी एका छोट्या टीममध्ये सोशल मीडियाचं काम बघते. कॅप्शनचा पहिला खर्डा एआय टूल लिहितं, मी तपासते आणि मग ती शेड्युलरच्या रांगेत जाते. तपासायला दोन कागद आहेत. एक ब्रँडच्या भाषेचा, म्हणजे कसं बोलायचं आणि कोणते शब्द टाळायचे. दुसरी माहितीची तपासयादी: नाव बरोबर आहे का, आकडे जुळतात का, रंग फोटोशी जुळतो का, लिंक चालते का.

अडचण एका उदाहरणातून सांगते. वस्तू आहे छोटा ब्लूटूथ स्पीकर. माहितीपत्रकात लिहिलंय: बॅटरी मध्यम आवाजावर १२ तासांपर्यंत, पाण्यासाठी आयपीएक्स४, वजन ५४० ग्रॅम, यूएसबी-सी केबल सोबत, अडॅप्टर नाही. टूलने दिलेली कॅप्शन अशी:

"पाऊस असो वा स्विमिंग पूल, गाणी थांबणार नाहीत! १२ तासांची दमदार बॅटरी, खिशात मावेल इतका हलका आणि आपल्या प्रत्येक क्षणाला साजेसा आवाज. हा फक्त स्पीकर नाही, तर तुमच्या आठवणींचा साथीदार आहे."

नाव वर टॅगमध्ये बरोबर, १२ बरोबर, फोटो बरोबर, लिंक चालू. सगळ्या टिका पडल्या. पण वाचताना खटकत राहतं आणि नेमकं का ते यादी सांगत नाही. तुम्ही कसं तपासता? यादी वाढवू का?

रविवारचा_वाचक

आमच्याकडेही हाच त्रास. व्हिडिओवर आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये माणसांची नावं हमखास चुकतात, आणि दोन माणसं एकदम बोलली की वाक्यांची खिचडी होते. मी आता नावांची यादी आधीच टूलला देतो, बराच फरक पडलाय. वेळेचं जुळणं मात्र हाताने बघावं लागतं.

कानामात्रा

@रविवारचा_वाचक, धन्यवाद, पण मी पोस्टखालच्या मजकुराबद्दल विचारतेय, सबटायटलबद्दल नाही. नावांची यादी आधी देण्याची सूचना मात्र उचलते.

सरळमार्गी

एवढं डोकं का खपवायचं? दोन्ही कागद त्याच टूलला द्या आणि सांगा, यांच्याशी ताडून बघ आणि चुका दाखव. मी तसंच करतो. टाळायचे शब्द, अक्षरमर्यादा, हॅशटॅग असल्या गोष्टी ते छान पकडतं.

जुना_प्रूफवाला

सरळमार्गी म्हणतात ते अर्धं खरं आहे. मोजता येणाऱ्या गोष्टी यंत्राला द्याव्यात. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांची मर्यादा असते, ती डोळ्यांनी कशाला मोजायची? पण "खिशात मावेल" हे पत्रकाशी जुळतं का असं विचारलं, तर "५४० ग्रॅम म्हणजे हलकाच" असं उत्तर येऊ शकतं. जी समजूत लिहिताना होती, तीच तपासतानाही असते.

आता मूळ प्रश्न. यादी वाढवू नका, दिशा उलटी करा. तुम्ही यादीतला मुद्दा घेऊन कॅप्शनमध्ये शोधता. त्याने चुकलेली माहिती सापडते, घातलेली माहिती सापडत नाही. आणि यंत्राची खोड घालण्याचीच आहे. म्हणून कॅप्शनमधला एकेक दावा घ्या आणि पत्रकातली कुठली ओळ त्याला आधार देते ते समोर लिहा. ओळ सापडली नाही तर दावा काढा. तो खरा आहे की खोटा, यावर वाद घालत बसू नका.

तुमच्या कॅप्शनवर करून दाखवतो.

"स्विमिंग पूल": आधार नाही, उलट विरोध आहे. आयपीएक्स४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेल्या पाण्यापासून बचाव. बुडवण्याची चाचणी ७ आकड्यापासून सुरू होते: १ मीटर खोल, ३० मिनिटं. शिवाय मधल्या एक्सचा अर्थ धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही, म्हणजे उद्या टूलने "वाळूतही बिनधास्त" लिहिलं तर तेही अडवायला हवं.

"१२ तासांची": आकडा बरोबर, पण "पर्यंत" आणि "मध्यम आवाजावर" गळालं. ही सगळ्यात फसवी जात. नजर आकड्यावर जाते, तो जुळतो आणि टिक पडते. आकडा तपासताना त्याच्या आजूबाजूची अट सोबत तपासायची, असा नियमच ठेवा.

"खिशात मावेल": पत्रकात वजन आहे, मापं नाहीत. वजनावरून आकार काढलाय. आणि अर्ध्या किलोपेक्षा जड वस्तू खिशात ठेवून बघा.

"दमदार", "साजेसा", "साथीदार": हे माहितीचे दावे नाहीत, त्यांचा निवाडा भाषेच्या कागदावर.

क्रमही पाळा. आधी माहिती, मग भाषा, आणि भाषेसाठी एक शब्द जरी बदलला तरी बदललेलं वाक्य पुन्हा माहितीच्या फेरीत. "थोडं चुरचुरीत कर" असं टूलला सांगितलंत, तर काढून टाकलेला पूल पुढच्या खर्ड्यात परत हजर होतो.

टिंबटिंब

भाषेबद्दल माझं थोडं. एकाच कॅप्शनमध्ये "आपल्या" आणि "तुमच्या" दोन्ही आलेत. मराठीत हे लगेच कानाला लागतं, पण "आपुलकीचा सूर" एवढंच लिहिलेल्या कागदावर ते पकडायचं कसं? आमच्या कागदावर विशेषणं होती तेव्हा प्रत्येकाला प्रत्येक कॅप्शन आपुलकीची वाटायची. आता जोड्या आहेत: "असं म्हणतो" आणि समोर "असं म्हणत नाही". "हा फक्त अमुक नाही, तर तमुक आहे" हा साचा तिथे उजव्या रकान्यात आहे.

आणखी एक: भाषेची फेरी एकेक कॅप्शन उघडून करू नका. आठवड्याच्या सगळ्या एकाखाली एक लावून वाचा. सुटी कॅप्शन बरी वाटते, पण ओळीने पाच "असो वा" आले की साचा उघडा पडतो.

सरळमार्गी

बरं, पूल गेला. पण तुमच्या नियमाने आधाराची ओळ नाही म्हणून पाऊसही का काढायचा? उडालेलं पाणी चालतं म्हणजे पाऊस चालणारच ना.

जुना_प्रूफवाला

शिंतोडे म्हणा, रिमझिमही कदाचित चालेल. पण चाचणी काही मिनिटांची असते, तासभर कोसळणाऱ्या पावसाची हमी त्यात नाही. "पाऊस" वाचून माणूस काय समजेल, हे तुम्ही-मी ठरवू नये. वस्तू बनवणाऱ्या विभागाने ओळ लिहून दिली तर ठेवा.

कानामात्रा

उलटी दिशा लावून बघितली. उरलं ते असं:

"शिंतोडे उडाले तरी गाणी चालू. मध्यम आवाजावर बॅटरी १२ तासांपर्यंत. यूएसबी-सी केबल सोबत मिळते, अडॅप्टर तुमचा."

खटकणं गेलं. पण आता मार्केटिंगवाले म्हणतात की ही माहितीपत्रकासारखी वाटते आणि पावसाचा फोटो आधीच ठरलाय.

टिंबटिंब

शेवटची ओळ मला आवडली, तिच्यात आवाज आहे. कोरडी आहे ती मधली. फोटोचं मात्र कठीण आहे. शब्दांत पाऊस नसला तरी फोटो तोच दावा करतो, तेव्हा तोही आधाराच्या ओळीशी ताडायला हवा.

जुना_प्रूफवाला

फोटोवरून आमच्याकडेही अजून भांडण चालू आहे. तोवर एक करा: मंजूर झालेल्या कॅप्शनमध्ये कुणी शेड्युलरमध्ये जाऊन बदल केला, तर ती आपोआप पुन्हा खर्ड्यात जाईल अशी सोय आहे का बघा. नाहीतर पूल तिथून परत येईल.

कानामात्रा

आमच्या शेड्युलरमध्ये तशी सोय दिसत नाही. मंजूर मजकुराची प्रत वेगळ्या शीटमध्ये ठेवून पोस्ट जाण्याआधी ताडण्याशिवाय कुणी काही केलंय का?